चुकलेल्या उत्तराखाली काय लिहायचं? क्विझचा फीडबॅक मराठीत आणि इंग्रजीत

ऑनलाइन कोर्समधल्या क्विझमध्ये उत्तर चुकलं की पर्यायाखाली दोन-तीन ओळी येतात. बऱ्याचदा त्या अशा असतात: ‘अरेरे! उत्तर चुकलं. निराश होऊ नका, पुन्हा प्रयत्न करा!’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण वाचणारा निराश झालेला नसतो. आपलं गणित कुठे फसलं एवढंच त्याला हवं असतं. ते सांगितलं जात नाही आणि समजूत मात्र रडणाऱ्या मुलाची काढावी तशी काढली जाते. चाळिशीतल्या माणसाला हे चांगलंच खुपतं, आणि बारा वर्षांच्या मुलालाही आवडतं असं नाही.

पहिल्यांदाच क्विझ तयार करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एकच बहुपर्यायी प्रश्न घेऊ आणि त्याचा फीडबॅक दोन्ही भाषांत शेवटपर्यंत लिहू. शिकणारे प्रौढ आहेत असं धरलं आहे. प्रश्न असा:

```
एका वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढवली, मग २० टक्क्यांनी कमी केली. मूळ किमतीच्या तुलनेत आता ती किती?
अ) मूळ किमतीइतकीच
ब) ४ टक्के कमी
क) ४ टक्के जास्त
ड) ४४ टक्के जास्त
```

उत्तर ब. मूळ किंमत १०० धरली तर वाढून १२० होते. १२० चे २० टक्के म्हणजे २४. ते वजा केले की ९६ उरतात.

आधी चुकीच्या वाटा लिहून काढा

फीडबॅकचा शब्दही लिहिण्याआधी एका कागदावर प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर लिहा: इथे माणूस कोणत्या वाटेने पोचतो? पुढचं निम्मं काम इथेच होतं.

अ हा सगळ्यात मोहात पाडणारा पर्याय. वीस वाढले, वीस कमी झाले, हिशोब फिटला. दोन्ही वेळचे टक्के मूळ किमतीवरच काढले की माणूस इथे येतो. क निवडणाऱ्याचं बरंचसं गणित बरोबर असतं. फरक चाराचा आहे हे त्याने काढलेलं असतं, दिशा तेवढी उलटी पडलेली असते. ड ला पोचणारा दोन्ही वेळा वाढच धरतो: १०० चे १२०, १२० चे १४४. घाईत ‘कमी केली’ हे शब्द निसटले की असं होतं.

एखाद्या पर्यायासमोर वाटच लिहिता येत नसेल, तर समजा की तो पर्याय भरतीचा आहे. तो कुणी विचार करून निवडणार नाही आणि त्याच्याखाली सांगण्यासारखंही काही नसेल. अशा वेळी फीडबॅकशी झटापट करण्यापेक्षा पर्याय बदलावा. ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य इतकं बोकाळण्याचं एक कारण हेच आहे, असं माझं मत आहे. पर्याय विचार न करता लिहिले की फीडबॅकमध्ये लिहायला काही उरतच नाही.

दुसरी संधी आहे का?

हे ठरवल्याशिवाय मजकूर लिहिता येत नाही. त्याच प्रश्नाला पुन्हा उत्तर देता येणार असेल, तर फीडबॅकने पुढची पायरी दाखवायची आणि उत्तर राखून ठेवायचं. संधी संपली असेल, तर आडपडदा न ठेवता उत्तर आणि त्यामागचं कारण पूर्ण द्यायचं. संधी नसताना कोडी घालत बसणं हे माणसाला सगळ्यात चिडवणारं असतं.

मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या प्रणालीत क्विझच्या सेटिंगमध्ये `Question behaviour` असतं. तिथे `Interactive with multiple tries` निवडलं आणि प्रश्नाच्या `Multiple tries` भागात निदान एक `Hint` भरली तर दुसरी संधी मिळते, `Deferred feedback` निवडलं तर सगळं क्विझ जमा केल्यावरच फीडबॅक दिसतो. गूगल फॉर्म्समध्येही फीडबॅक फॉर्म जमा केल्यानंतरच येतो. आपण दोन्हींसाठी लिहू.

पहिला मसुदा आणि त्याची चिरफाड

पर्याय अ साठी नवखा माणूस साधारण असं लिहितो:

```
छान प्रयत्न! पण थोडं चुकलं. टक्केवारी काढताना पाया नीट बघायचा असतो हे लक्षात ठेवा. पुन्हा एकदा नीट वाचा, तुम्हाला नक्की जमेल!
```

यात एकही कठोर शब्द नाही. तरी वाचताना कुणीतरी डोक्यावरून हात फिरवतंय असं वाटतं. असं का होतं ते एकेक करून पाहू.

‘छान प्रयत्न’ हे खरं आहे का, हे आपल्याला माहीतच नाही. समोरच्याने एका गोलावर क्लिक केलं आहे. त्यामागे पाच मिनिटांचं गणित असेल किंवा नुसता अंदाज असेल. न पाहिलेल्या गोष्टीचं कौतुक पोकळ वाजतं, आणि दहा प्रश्नांत चार वेळा तेच आलं की हसू यायला लागतं.

‘थोडं चुकलं’ हेही खरं नाही. अ निवडणाऱ्याची टक्केवारीची कल्पनाच इथे अडली आहे. चूक लहान करून सांगितली की दोन गोष्टी घडतात. ज्याला चूक कळली आहे त्याला ते लाडाचं बोलणं वाटतं, आणि ज्याला कळलेली नाही तो ‘थोडंच तर चुकलं’ म्हणून पुढे निघून जातो.

‘नीट’ हा शब्द दोनदा आला आहे. मराठीत ‘नीट वाचा’ म्हणजे ‘तुम्ही मघाशी नीट वाचलं नाहीत’ असाच अर्थ होतो. प्रश्न नीट वाचूनच माणूस अ वर गेला असण्याची शक्यता जास्त आहे. याच जातीचे आणखी शब्द फीडबॅकमध्ये शोधून काढावेत: ‘साधं’, ‘सोपं’, ‘एवढंच’, ‘अर्थातच’, आणि ‘हे तर’ मधला ‘तर’. ‘हे तर सोपं आहे’ असं ज्याचं उत्तर चुकलंय त्याला सांगून काय साधतं? ‘लक्षात ठेवा’ला वर्गातल्या छडीचा आवाज आहे. नियम तेवढा लिहावा. लक्षात ठेवायचं की नाही ते वाचणारा ठरवेल.

आणि शेवटचं ‘तुम्हाला नक्की जमेल’. जमण्याबद्दल कुणी शंका घेतलेलीच नव्हती. हे वाक्य ती शंका स्वतःच आणून समोर ठेवतं. एव्हराम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी उलट खालावलेली त्यांना दिसली. त्यांनी लावलेली संगती इथे उपयोगाची आहे: लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे, मला जमतं का’ याकडे गेलं की फीडबॅकचा परिणाम कमी होत जातो. ‘तुम्हाला जमेल’ हे वाक्य नेमकं तेच करतं. वाचणारा टक्केवारी सोडून स्वतःकडे बघायला लागतो.

हे सगळं काढून टाकलं की मसुद्यात उरतो एकच उपयोगाचा शब्द, ‘पाया’. आणि तो म्हणजे नेमकं काय, हे कुठेच सांगितलेलं नाही.

पुन्हा लिहू

पर्याय अ, दुसरी संधी असताना:

```
बरोबर नाही. दोन्ही वेळा २० टक्केच असल्यामुळे ते एकमेकांना रद्द करतील असं वाटतं. मूळ किंमत १०० धरून बघा. वाढीनंतर ती किती झाली? कपातीचे २० टक्के कोणत्या रकमेवर काढायचे?
```

संधी संपल्यावर:

```
बरोबर नाही. वाढीचे २० टक्के १०० वर काढले, कपातीचे मात्र १२० वर. १२० चे २० टक्के म्हणजे २४. म्हणून शेवटची किंमत ९६, मूळ किमतीपेक्षा ४ टक्के कमी.
```

पहिल्या मजकुरातलं ‘असं वाटतं’ बघा. या चुकीमागे काहीतरी तर्क आहे आणि तो लिहिणाऱ्याला दिसला आहे, हे त्या दोन शब्दांतून पोचतं. प्रोत्साहन म्हणून माझ्या मते इतकं पुरतं. मात्र हे वाक्य ‘तुम्हाला असं वाटलं’ असं लिहू नका. समोरच्याच्या मनात काय होतं ते आपल्याला माहीत नाही. त्याने अंदाजाने क्लिक केलं असेल, तर आपण खोटे पडतो.

‘बरोबर नाही’ हे शब्द ठेवावे का, यावर मतं वेगवेगळी आहेत. पर्यायाशेजारी लाल फुली येतेच, मग पुन्हा कशाला, असं काही जण म्हणतात. मी ठेवतो. लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक असतात, आणि स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही सुरुवातीलाच निकाल कळलेला बरा. दोन शब्द, पुढे पूर्णविराम. उद्गारचिन्ह नको.

पर्याय क साठी लिहिताना खरं कौतुक करायला जागा आहे, कारण तिथे गणिताचा एक भाग जमलेला असतो:

```
बरोबर नाही, पण ४ टक्क्यांचा फरक बरोबर आहे. वाढ कितीची झाली आणि कपात कितीची, हे १०० पासून सुरू करून शेजारी शेजारी मांडून बघा.
```

इथे ‘आता फक्त दिशा तपासा’ असं लिहायचा मोह होतो. ‘फक्त’ काढा. ज्याची दिशाच चुकली आहे त्याच्यासाठी ते ‘फक्त’ नसतं.

पर्याय ड ला वेगळाच धोका आहे. ‘दुसऱ्या वेळी किंमत वाढवली आहे की कमी केली आहे?’ असं विचारलं तर प्रश्नाचं उत्तर इतकं उघड आहे की तो टोमणा होतो. ज्या प्रश्नाचं उत्तर काढायला खरंच काहीतरी करावं लागतं तोच फीडबॅकमध्ये विचारावा. बाकी गोष्टी सरळ सांगाव्यात:

```
बरोबर नाही. दोन्ही वेळा किंमत वाढली असती तर ४४ टक्के हे उत्तर आलं असतं. इथे दुसऱ्या वेळी ती कमी झाली आहे. १२० वरून पुढचं गणित करून बघा.
```

तू की तुम्ही

प्रौढांसाठी ‘तुम्ही’, यात वाद नाही. शाळकरी मुलांसाठी ‘तू’ जवळचं वाटतं, पण त्यात एक अडचण आहे: ‘चुकलास’ की ‘चुकलीस’, ‘करतोस’ की ‘करतेस’, हे क्विझला ठाऊक नसतं. ‘चुकलास/चुकलीस’ अशी तिरकी रेघ देऊन लिहिलेलं वाक्य वाचायला अडखळतं. वाट अशी की वाक्याचा कर्ता बदलायचा. ‘तू चुकलास’ऐवजी ‘उत्तर बरोबर नाही’, ‘तू विसरलीस’ऐवजी ‘एक पायरी राहिली आहे’. ‘तू २० टक्के १०० वर काढलेस’ यात क्रियापद टक्क्यांप्रमाणे चालतं, म्हणून तेही चालेल. असं केल्याने आणखी एक फायदा आपोआप होतो: बोट माणसाकडून उत्तराकडे वळतं. त्यामुळे ‘तुम्ही’ वापरतानाही हीच सवय ठेवावी.

‘दिलं, झालं’ लिहायचं की ‘दिले, झाले’, हे एकदाच ठरवा आणि सगळ्या क्विझभर पाळा. वरच्या प्रश्नात ‘झाले’ आणि खालच्या फीडबॅकमध्ये ‘झालं’ असेल तर दोन माणसं बोलत आहेत असं वाटतं.

इंग्रजी मजकूर

मराठी मजकूर समोर ठेवून त्याचं इंग्रजी करू नका. चुकीच्या वाटांचा तो कागद पुन्हा समोर घ्या आणि त्यावरून इंग्रजी नव्याने लिहा. उलट दिशेनेही तसंच. मराठीतलं ‘छान प्रयत्न’ हे मुळात इंग्रजी वाक्याची नक्कल म्हणूनच आलेलं असतं. ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’सुद्धा तसंच. इंग्रजीतलं ‘प्लीज’ सौम्य वाटतं, मराठीत तोच ‘कृपया’ यंत्रावरच्या सूचनेसारखा कोरडा वाटतो. ‘करून बघा’ म्हटलं की काम होतं.

इंग्रजीत वरच्या ‘नीट’ आणि ‘फक्त’ची जागा हे शब्द घेतात:

```
just, simply, obviously, actually, of course, Remember, Oops
```

फाइलमध्ये हे शब्द शोधा. बहुतेक ठिकाणी नुसता शब्द काढला तरी वाक्य सुधारतं. पर्याय अ साठी इंग्रजीचा पहिला मसुदा असा झाला असं समजू:

```
Not correct. Both changes are 20%, so it is tempting to let them cancel out. Start from 100. What is the price after the rise? The 20% cut is taken from that figure.
```

स्वर ठीक आहे. पण शेवटचं वाक्य मराठी मजकुराशेजारी ठेवून वाचा. कपात कशावर काढायची हे मराठीत विचारलं आहे, इंग्रजीत सांगून टाकलं आहे. एकाच क्विझमध्ये इंग्रजी वाचणाऱ्याला जास्त मदत मिळाली. द्वैभाषिक फीडबॅकमध्ये ही चूक सतत होते आणि भाषा तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटते, कारण दोन्ही मजकूर आपापल्या जागी निर्दोष असतात. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून एकच गोष्ट तपासा: किती सांगितलं आणि किती राखून ठेवलं. शब्द जुळले नाहीत तरी चालेल. शेवटचं वाक्य असं करू:

```
Which figure is the 20% cut taken from?
```

बरोबर उत्तराखालीही काहीतरी लिहा

ब निवडणाऱ्यांत काही जणांनी अंदाजाने ब निवडलेलं असतं. ‘शाब्बास!’ वाचून त्यांना काहीच मिळत नाही, आणि ज्यांनी गणित केलं आहे त्यांना इतक्या छोट्या प्रश्नासाठी शाब्बासकी अवघडल्यासारखी वाटते. कारण द्या, आणि जमलं तर एखादी नवी गोष्ट जोडा:

```
बरोबर. १०० चे १२०, आणि १२० मधून २४ गेले की ९६. क्रम उलटा केला, आधी कपात आणि मग वाढ, तरी ९६ च येतात: १०० चे ८०, ८० चे ९६.
```

```
Correct. 100 goes up to 120, and 20% of 120 is 24, which leaves 96. Reverse the order and you still get 96: 100, then 80, then 96.
```

क्रम उलटला तरी उत्तर तेच येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. समोरच्याला आणखी काही समजून घ्यायची इच्छा असेल असं धरून चालणं, हाही त्याचा मान ठेवणंच आहे.

शेवटच्या गुणांचा मजकूर

इथे मराठीचं व्याकरण आडवं येतं. ‘तुम्हाला ३ गुण मिळाले’ ठीक, पण आकडा १ आला की ‘१ गुण मिळाले’ होतं. इंग्रजीतही तीच गत. त्यामुळे क्रियापद टाळा. एच५पी या क्विझ बनवायच्या टूलमध्ये गुणांसाठी `@score` आणि `@total` वापरता येतात. समजा या क्विझमध्ये प्रत्येक प्रश्नाला एकच गुण आहे:

```
बरोबर उत्तरं: @score/@total. टक्केवारीचे प्रश्न अडले असतील तर भाग २ मधलं दुसरं उदाहरण बघा.
```

नाव आपोआप भरायची सोय असली तरी मी ती वापरत नाही. नावाला ‘ने’ किंवा ‘ला’ लागलं की सामान्यरूप बिघडतं, आणि ‘अमुक, तुम्ही छान खेळलात’ हे तर कुणालाच खरं वाटत नाही. कमी गुणांच्या पट्ट्यातही दिलासा देऊ नका, पुढे काय वाचायचं ते सांगा.

टूलमध्ये भरताना

मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाखाली स्वतंत्र `Feedback` असतो. आपला मजकूर तिथे जातो. खाली `Combined feedback` आहे आणि त्यात चुकीच्या उत्तरासाठी आधीच एक वाक्य भरलेलं असतं. तुम्ही मूडल इंग्रजीत वापरत असाल तर ते इंग्रजीच येतं:

```
Your answer is incorrect.
```

ते बदललं नाही तर आपल्या नेटक्या मराठी फीडबॅकबरोबर हे वाक्यही झळकतं. ‘बरोबर नाही’ वर लिहिलंच आहे, म्हणून ही जागा मी रिकामी ठेवतो.

दोन्ही भाषा एकाच प्रश्नात ठेवायच्या असतील तर एडिटरच्या एचटीएमएल दृश्यात असं लिहितात:

```html
<span lang="mr" class="multilang">बरोबर नाही.</span>
<span lang="en" class="multilang">Not correct.</span>
```

यासाठी साइटच्या व्यवस्थापकाने `Multi-Language Content` हा फिल्टर चालू केलेला हवा. तो बंद असेल तर दोन्ही भाषा एकापाठोपाठ एक दिसतात, म्हणजे बिघाड लगेच ओळखू येतो. दोन स्पॅनच्या मध्ये दुसरा मजकूर येऊ देऊ नका.

गूगल फॉर्म्समध्ये प्रत्येक पर्यायाला वेगळा फीडबॅक देता येत नाही. चुकीच्या उत्तरांसाठी एक आणि बरोबर उत्तरासाठी एक, एवढंच. तिथे वाटेचा उल्लेख गाळा आणि संधी संपल्यावरचा मजकूर वापरा. १०० ते १२० ते ९६ हे गणित अ, क, ड तिघांनाही लागू पडतं.

तपासणी

ज्याला हा विषय येत नाही अशा एखाद्याला क्विझ सोडवायला द्या आणि शेजारी बसा. उत्तर चुकून फीडबॅक आला की एवढंच विचारा: ‘आता काय करणार?’ ‘१०० धरून बघतो’ असं उत्तर आलं तर मजकूर पोचला. ‘दुसरा पर्याय दाबून बघतो’ असं आलं तर मजकूर वाचलाच गेला नाही, किंवा वाचून काही करण्यासारखं त्यात सापडलं नाही. ‘फीडबॅक आवडला का?’ असं मात्र विचारू नका. भिडेपोटी लोक हो म्हणतात.

क्विझ काही दिवस चालल्यावर मूडलच्या `Statistics` अहवालात कोणता पर्याय किती जणांनी निवडला ते दिसतं. पहिल्यांदा अ निवडलेले लोक दुसऱ्या वेळी क वर जात असतील, तर पाया बदलतो हे त्यांना कळलं आहे आणि दिशा अजून कळलेली नाही. अशा वेळी अ च्या मजकुरात शेवटी एक वाक्य वाढवायचं: ‘कपात कितीची झाली तेही लिहून काढा.’ आणि इंग्रजीतही तेवढंच.